सेटपॉइंट आपोआप बदलतो, प्रिंट टाकला की बरा होतो: डीबगर घेऊ की प्रिंटनेच शोधू?

कुटबणचा_बर्फवाला

मंडळी, जरा लांबलचक आहे पण नीट वाचा. जेटीजवळच्या एका बर्फ फॅक्टरीसाठी आम्ही कंट्रोलर बोर्ड केलाय, चिप एसटीएम३२ एफ१०३, काम साधं: ब्राइन टाकीचं तापमान बघायचं आणि सेटपॉइंटप्रमाणे कंप्रेसर चालू-बंद करायचा. सेटपॉइंट उणे ८ डिग्री, मी तो दहापटीने ठेवतो, म्हणजे मेमरीत -८०. पॅनलशी बोलणं आरएस४८५ वरून, मॉडबस, ९६०० बॉड.

दोन-तीन दिवसांतून एकदा सेटपॉइंट स्वतःहून बदलतो. एकदा २५६९ झाला, म्हणजे २५६.९ डिग्री, मग काय, बोर्डाला वाटतं टाकी आधीच थंड आहे आणि कंप्रेसर सुरूच होत नाही, सकाळी जाऊन बघतो तर बर्फाच्या कॅनमध्ये पाणीच. दुसऱ्यांदा -१५२८ झाला, तेव्हा उलटं, कंप्रेसर थांबेचना, शेवटी एलपी कटआउटने ट्रिप झाला. शिवाय कंप्रेसरचे रनिंग तास पण मधेच काहीच्या काही दिसतात.

मी मेन लूपमध्ये प्रत्येक फंक्शनच्या आधी-नंतर सेटपॉइंट प्रिंट केला, वेगळ्या यूएआरटीवर, ११५२०० ला. पहिल्यांदा डिस्प्लेच्या फंक्शननंतर बिघडलेला दिसला, म्हणून डिस्प्लेचा कोड दोन दिवस चाळला. मग पुढच्या वेळी तापमान वाचण्याच्या फंक्शननंतर. तिसऱ्यांदा तर जिथे नुसता डिले आहे तिथे. म्हणून वाटलं इंटरप्ट असेल, आणि मॉडबसच्या रिसीव्ह इंटरप्टमध्ये हा प्रिंट टाकला:

```c
printf("rx=0x%02X len=%d\r\n", b, mb.len);
```

तो टाकल्यापासून पाच दिवस एकदाही नाही बिघडलं! काढला, तिसऱ्या दिवशी परत. साहेब म्हणतात प्रिंट राहू दे, चालतंय ना. मला ते पटत नाही. आता मासेमारी बंदी आहे, फॅक्टरी थंड आहे, १ ऑगस्टला ट्रॉलर सुटले की बोर्डाला हात लावायला कोण देणार नाही. एसटी-लिंक कधी वापरलेला नाही. घेऊ का, की प्रिंटनेच मिळेल?

वास्को_वायरमन

यूएसबी टू सीरियल कुठला आहे तुझा? स्वस्तातल्या केबलला ड्रायव्हरचा लोचा असतो, कचरा अक्षरं येतात. बॉड रेट दोन्हीकडे तोच आहे ना बघ, ग्राउंड जोडलाय का बघ. माझं असंच झालेलं, केबल बदलली, बंद.

कुटबणचा_बर्फवाला

दादा, अक्षरं व्यवस्थित येतात. आकडा मेमरीतच बिघडतो, कारण कंप्रेसर पण तसंच वागतो.

ब्रेकपॉइंट_बाब

प्रिंटने फर्मवेअर शोधणं म्हणजे काळोखात चाचपडणं रे. एसटी-लिंक काही महाग नाही, चार वायरी, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. इंटरप्टमध्ये ब्रेकपॉइंट लाव, प्रत्येक बाईटला थांब, एकेक ओळ स्टेप कर, सगळे व्हेरिएबल समोर दिसतात. डीबगर कोडमध्ये काही घालत नाही त्यामुळे टायमिंग बदलत नाही, जे खरं आहे तेच दिसतं. तासाभरात सापडेल.

पर्वरीची_सोल्डरगन

बर्फवाल्या, तुझ्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. पहिलं म्हणजे बिघडायची जागा दर वेळी बदलते. मेन लूपमधलं एखादं फंक्शन चुकत असतं तर दर वेळी त्याच्याच नंतर दिसलं असतं. जागा सरकते याचा अर्थ लूपला न विचारता कोणीतरी मधेच येऊन लिहून जातं, म्हणजे इंटरप्ट किंवा डीएमए. तिथपर्यंत तू प्रिंटनेच पोचलास, त्यामुळे प्रिंटला नावं ठेवायचं कारण नाही.

आता तो इंटरप्टमधला प्रिंट. ११५२०० ला एक अक्षर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद. तुझी ओळ शेवटच्या दोन अदृश्य अक्षरांसकट १६ अक्षरांची, म्हणजे १.३९ मिलिसेकंद, आणि तुझा प्रिंट शेवटचं अक्षर जाईपर्यंत तिथेच थांबत असणार. ९६०० ला मॉडबसचा एक बाईट येतो दर १.०४ मिलिसेकंदाला. बाईट येतोय १.०४ ला आणि तू मोकळा होतोयस १.३९ ला. या चिपच्या यूएआरटीत एक बाईट रजिस्टरमध्ये थांबतो आणि एक आत येत असतो, बस, याहून जास्त जागा नाही. त्यामुळे पहिले पाच-सहा बाईट निभावतात, मग एक गळतो, पुढे तीन-चार बाईटांमागे एक गळत राहतो. तुझ्या प्रिंटने बग बरा केला नाही, मॉडबस तोडलं. ते पाच दिवस पॅनलवर तुझ्या बोर्डाला टाइमआउट येत होता का, ते सांग.

आणि ब्रेकपॉइंट बाब, टायमिंगचं तुमचं म्हणणं अर्धंच खरं. कोर थांबलेला नसेल तोवर डीबगर काही बदलत नाही हे बरोबर. पण इंटरप्टमध्ये ब्रेकपॉइंट लावला की कोर थांबतो आणि बाहेरची वायर थांबत नाही, पॅनल बाईट पाठवतच असतो. प्रिंट दीड मिलिसेकंद अडवतो, तुम्ही माणूस बसवून दहा सेकंद अडवणार. आजार तोच, फक्त मोठा.

कुटबणचा_बर्फवाला

सोल्डरगन ताई, हो! ते पाच दिवस पॅनलवर लिंक एरर होता. पॅनलवाला तेव्हाच स्क्रीन बदलत होता म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवलं. हे माझ्या डोक्यात जोडलंच गेलं नाही.

एसटी-लिंक मागवला.

केपेकर

थोडं वेगळं पण सांगतो, कारण बर्फवाला कंप्रेसरला जोडलेल्या बोर्डावर डीबगर लावेल. मी ब्रशलेस मोटरचा कंट्रोलर करत होतो, कम्यूटेशनच्या इंटरप्टमध्ये ब्रेकपॉइंट लावला. कोर थांबला पण टायमर आणि पीडब्ल्यूएम चालूच राहिले, एकाच वाइंडिंगमधून करंट वाहत राहिला, मोटर फिरत नसल्यामुळे तो अडवायलाही काही नव्हतं. दोन मॉस्फेट फुटले, धूर झाला. या चिपमध्ये कोर थांबला की टायमर पण थांबवायच्या बिट आहेत, त्या लावायला हव्या होत्या. तुझ्याकडे रिले आहे, त्यामुळे फुटणार नाही काही, पण कोर थांबला त्या क्षणी रिले चालू असेल तर चालूच राहील आणि बंद करायला कोण नसेल. कॉन्टॅक्टरची वायर काढून ठेव.

वॉचडॉग लावलेला असेल तर तो पण बघ, नाहीतर तू आकडे बघत असताना बोर्ड रीसेट होईल.

पर्वरीची_सोल्डरगन

केपेकर बरोबर. वॉचडॉगचं ओपनओसीडी बघतं, एफ१ च्या त्यांच्या फाइलमध्ये कोर थांबल्यावर वॉचडॉग गोठवायची बिट आधीच लावलेली आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरलंस तर हाताने लावावी लागेल.

बर्फवाल्या, एसटी-लिंक आला की ब्रेकपॉइंटच्या नादाला आधी लागू नकोस. तुला "या ओळीवर थांब" असं नकोच आहे, कारण ओळ कुठली तेच माहीत नाही. तुला "या पत्त्यावर कोणी लिहिलं की थांब" असं हवंय. त्याला वॉचपॉइंट म्हणतात, कॉर्टेक्स-एम३ मध्ये त्यासाठी चार कंपॅरेटर हार्डवेअरमध्येच आहेत. कोर पूर्ण वेगाने धावतो, एकही बाईट गळत नाही, आणि तो पत्ता लिहिला गेला की त्याच वेळी थांबतो.

```
(gdb) watch mb.setpoint
(gdb) continue
```

सुरू होताना ईईप्रॉममधून सेटपॉइंट वाचतोस तेव्हा एकदा थांबेल, पॅनलवरून बदललास की थांबेल, ते सोडून दे. बाकी कधीही थांबला तर चोर सापडला. एक लक्षात ठेव, थांबल्यावर पीसी लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या एक-दोन पुढे दाखवतो, त्यामुळे जिथे बाण दिसेल त्याच्या जरा वरची ओळ बघ.

आणि ते आकडे हेक्समध्ये टाक इथे. दशमानात मेमरीचा बिघाड कधी ओळखू येत नाही.

कुटबणचा_बर्फवाला

एसटी-लिंक आला. आधी बाबांनी सांगितलं तसं ब्रेकपॉइंट लावून बघितला, कारण ते सोपं वाटलं. घरी यूएसबी ते आरएस४८५ डोंगल लावून लॅपटॉपवरून ८ बाईटची रिक्वेस्ट पाठवली. पहिल्या बाईटला थांबला, स्टेप स्टेप करत बाहेर आलो, पुढे जा म्हटलं तर जेमतेम एखादा बाईट हातात, बाकीचे सगळे गेले. ताई म्हणाल्या तसंच.

मग वॉचपॉइंट. रात्रभर चालवला, लॅपटॉप दर सेकंदाला रिक्वेस्ट पाठवतोय, सकाळपर्यंत एकदाही थांबला नाही. आता काय?

हेक्स: २५६९ म्हणजे `0x0A09`, -१५२८ म्हणजे `0xFA08`.

ब्रेकपॉइंट_बाब

ब्रेकपॉइंटचं माझं चुकलं, येणाऱ्या डेटावर तो चालत नाही. माझं काम जास्त करून मेनू आणि कीपॅडचं असतं, तिथे माणूस बटण दाबेपर्यंत सगळं थांबलेलंच असतं म्हणून मला कधी अडलं नाही. स्टेपिंग स्टेट मशीनसाठी मात्र मी सोडणार नाही, तिथे कुठला केस चुकीच्या केसमध्ये उडी मारतो ते स्टेप करताना लगेच दिसतं.

पर्वरीची_सोल्डरगन

घरी तू फक्त तुझ्या बोर्डाशी बोलतोयस. फॅक्टरीत त्याच दोन वायरींवर अजून काय काय आहे?

कुटबणचा_बर्फवाला

पॅनल मास्टर आहे, माझा बोर्ड, आणि एक एनर्जी मीटर.

फोंड्याची_चाफेकळी

मी फर्मवेअरवाली नाही, पॅनल आणि मीटरची कामं करते, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. `0x0A09` चे दोन बाईट उलटे केले तर `0x090A` होतात, म्हणजे २३१४. दुसऱ्याचे उलटे केले तर `0x08FA`, म्हणजे २२९८. मीटरमध्ये व्होल्टेज बहुतेक वेळा दहापटीने ठेवतात. २३१.४ व्होल्ट आणि २२९.८ व्होल्ट. हा तर आपल्या लाइनचा व्होल्टेज आहे! मॉडबसवर मोठा बाईट आधी येतो, तुमच्या चिपमध्ये लहान बाईट आधी ठेवतात ना?

पर्वरीची_सोल्डरगन

चाफेकळी, तुमच्या पाया पडते. तेच आहे.

बर्फवाल्या, तुझ्या सेटपॉइंटमध्ये मीटरचा व्होल्टेज येऊन बसतोय. आरएस४८५ वर सगळे सगळ्यांचं ऐकतात, मीटरचं उत्तर तुझा बोर्ड पण बफरमध्ये भरत असतो. तो स्ट्रक्चर आणि इंटरप्ट इथे टाक, आणि फॅक्टरीत जाऊन तोच वॉचपॉइंट लाव.

कुटबणचा_बर्फवाला

कालच जाऊन आलो. कॉन्टॅक्टरची वायर काढली, लॅपटॉप पॅनलमध्ये ठेवला, बाहेर पावसाचा नुसता धुमाकूळ. सकाळी साडेनऊला सुरू केलं, अकरा वाजून गेले तरी काही नाही. मग सुपरवायझर आला, बिलाचं बघायचं म्हणून पॅनलवर विजेच्या रिपोर्टचं पान उघडलं, आणि त्याच क्षणी:

```
Hardware watchpoint 2: mb.setpoint

Old value = -80
New value = -247
```

`bt` दिलं तर वरच `USART3_IRQHandler`. `p mb.len` दिलं तर ६६. बफर ६४ चा आहे!! कोड हा:

```c
struct {
    uint8_t  len;
    uint8_t  buf[64];
    int16_t  setpoint;
    int16_t  temp;
    uint32_t run_sec[4];
} mb;

/* USART3_IRQHandler मध्ये */
mb.buf[mb.len++] = USART3->DR;
```

लांबी तपासलेलीच नाही. माझ्या बोर्डासाठी येणारी रिक्वेस्ट ८ बाईटची, म्हणून ६४ भरपूर वाटलेलं. एकच कळलं नाही, -२४७ का? २५६९ यायला हवा होता.

पर्वरीची_सोल्डरगन

कारण तू त्याला अर्ध्यावर पकडलास. -८० म्हणजे `0xFFB0`. पहिला बाईट `09` येऊन खालच्या अर्ध्यावर बसला, झालं `0xFF09`, तेच -२४७. आणखी एकदा `continue` दिलं असतंस तर वरच्या अर्ध्यावर `0A` बसून २५६९ दिसला असता. एरवी न थांबवता पूर्ण १.०४ मिलिसेकंद सेटपॉइंट -२४७ असतो, आणि मेन लूपने नेमका तेव्हा वाचला तर तेवढ्यापुरता तिसराच आकडा. प्रिंटमध्ये हे सापडणं जवळजवळ अशक्य होतं.

बाकीचं मोजून बघ. रिपोर्टच्या पानाला मीटरकडून किती रजिस्टर येतात?

कुटबणचा_बर्फवाला

४०. पॅनलवाल्याला विचारलं.

पर्वरीची_सोल्डरगन

मग उत्तर ८५ बाईटचं: पत्ता, फंक्शन, बाईटची संख्या असे ३, ४० रजिस्टरचे ८०, सीआरसीचे २. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये `len` पहिला, मग बफर, मग सेटपॉइंट सम पत्त्यावर यावा म्हणून कंपायलरने एक रिकामा बाईट सोडलाय. म्हणजे बफरच्या सुरुवातीपासून मोजलं तर ६४ नंबरचा बाईट रिकाम्या जागेत पडतो, आणि ६५ व ६६ सेटपॉइंटवर. शून्यापासून मोजलं तर ते ३१ नंबरचं रजिस्टर. मीटरच्या तक्त्यात त्या जागी एखाद्या फेजचा व्होल्टेज सापडेल बघ. त्याच्या पुढचे १८ बाईट `temp` आणि रनिंग तासांवर, म्हणून तास पण वेडेवाकडे. `temp` लगेच पुन्हा वाचलं जातं म्हणून ते कधी लक्षात आलं नाही.

आणि तो प्रिंट का "बरा" करत होता ते आता पूर्ण जुळतं. ८५ बाईट वायरवर साधारण ८८ मिलिसेकंद घेतात. तू एकेका बाईटला १.३ ते १.४ मिलिसेकंद घेत होतास, म्हणजे त्या वेळात तुझ्या हाती ६४-६५ च बाईट लागत होते. ६५ नंबरपर्यंत तू पोचतच नव्हतास, एका बाईटने वाचत होतास. प्रिंट एखाद-दोन अक्षरांनी छोटा असता तर बग पुन्हा दिसला असता आणि आपण सगळे वेगळ्याच दिशेला गेलो असतो.

ब्रेकपॉइंट_बाब

मग बफर २५६ चा करून टाक. मॉडबस आरटीयूची फ्रेम २५६ बाईटपेक्षा मोठी नसते, आणि `len` आठ बिटचा आहे, २५५ नंतर आपोआप शून्य, बाहेर जाऊच शकत नाही. एक आकडा बदलला की झालं.

पर्वरीची_सोल्डरगन

आज चालेल, हे मान्य. पण ते सुरक्षित आहे फक्त `len` आठ बिटचा आहे म्हणून, आणि हे कुठेच लिहिलेलं नाही. उद्या कोणी तो सोळा बिटचा केला की परत तेच. मी तपासणी घालेन:

```c
uint8_t b = USART3->DR;
if (mb.len < sizeof mb.buf)
    mb.buf[mb.len++] = b;
else
    mb.too_long = 1;
```

`too_long` लागला की ती फ्रेम पूर्ण टाकून द्यायची, पुढची शांतता मिळेपर्यंत. सेटपॉइंट त्या स्ट्रक्चरमधून पण बाहेर काढ.

ब्रेकपॉइंट_बाब

२० केबी रॅम आहे, दोन्ही करा, फक्त मग `len` सोळा बिटचा करा, नाहीतर २५६ च्या बफरला ती तपासणी कधी लागणारच नाही. माझं मत अजून तेच, मोठा बफर असला की मीटरची फ्रेम पण पूर्ण बघता येते, कधीतरी उपयोगी पडते.

केपेकर

एक प्रश्न राहतोच. हा बोर्ड तुझ्या हातात होता, फॅक्टरी बंद होती, म्हणून लॅपटॉप लावून बसता आलं. आमचे बोर्ड गिऱ्हाइकाकडे जाताना रीड-आउट प्रोटेक्शन लावून जातात. त्यावर डीबगर लावायचा तर आधी प्रोटेक्शन काढावं लागतं आणि ते काढताना फ्लॅश पुसली जाते, पुन्हा प्रोग्राम घालेपर्यंत वीज गेली-आली म्हणजे रॅममधला पुरावा पण गेला. तिथे वॉचपॉइंटचा काय उपयोग? तिथे प्रिंटच लागतो.

पर्वरीची_सोल्डरगन

तिथे मी पण प्रिंटवालीच, पण इंटरप्टमधून यूएआरटीवर नाही. इंटरप्टमध्ये फक्त रॅममधल्या गोल बफरमध्ये दोन-चार बाईट लिहायचे, कुठली घटना आणि केव्हा, ते एक-दोन मायक्रोसेकंदात होतं. छापायचं काम मेन लूपने निवांत करायचं. त्या बफरची रॅम स्टार्टअपला शून्य होऊ द्यायची नाही, म्हणजे वॉचडॉग रीसेटनंतरही वाचता येतो. आणि सेटपॉइंटसारख्या व्हेरिएबलची मर्यादा लूपमध्ये तपासायची, उणे १५ ते उणे २ च्या बाहेर गेला की ताबडतोब तो गोल बफर गोठवायचा. या केसमध्ये तेवढ्यानेही शेवटच्या नोंदीत "८५ बाईटची फ्रेम" दिसली असती. कोणी लिहिलं हे दिसलं नसतं, पण पुरेसं होतं.

केपेकर

वीज गेली तर रॅम पण गेली. आमच्याकडे पावसात दिवसातून चार वेळा जाते.

पर्वरीची_सोल्डरगन

खरंय. मग फ्लॅशचं एक पान राखून त्यात उतरवावं लागेल, आणि एफ१०३ मध्ये फ्लॅश लिहिताना कोड त्याच फ्लॅशमधून चालत असतो म्हणून कोर तेवढा वेळ अडकतो, पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद. तेव्हा पुन्हा बाईट गळणार. याला माझ्याकडे फुकटचा उपाय नाही.

वास्को_वायरमन

बाहेर एक छोटी एफरॅम चिप लावतात आमच्याकडे, एसपीआयवर, तिला पुसायची भानगड नसते. पण मग बोर्ड नवा करावा लागेल.

कुटबणचा_बर्फवाला

तपासणी घातली, सेटपॉइंट वेगळा काढला, बफर पण २५६ चा आणि `len` सोळा बिटचा केला, दोघांचंही ऐकलं. मीटरच्या तक्त्यात ३१ नंबरला बी फेजचा व्होल्टेजच निघाला. आज सुपरवायझरला बसवून रिपोर्टचं पान पन्नास वेळा उघडायला लावलं, वॉचपॉइंट लावलेलाच होता, एकदाही थांबला नाही. पॅनलवर लिंक एरर पण नाही. चाफेकळी ताई, तुमचं ते उलटं करणं मी साहेबांना कागदावर लिहून दाखवलं.

एक मात्र उरलंय आणि ते या सगळ्यात बसत नाही. मे महिन्यात एकदा वीज जाऊन आल्यावर सेटपॉइंट शून्य होता. शून्य व्होल्टेज म्हणावं तर एक फेज गेलेला असू शकतो, पण त्या वेळी रात्रीचे तीन, पॅनलवर कोणी नव्हतं, पान कोण उघडणार.

पर्वरीची_सोल्डरगन

ईईप्रॉममध्ये लिहीत असतानाच वीज गेली असेल का? सेटपॉइंट केव्हा केव्हा लिहितोस तिथे, बदलला तरच की दर थोड्या वेळाने?

कुटबणचा_बर्फवाला

दर मिनिटाला लिहितो, रनिंग तासांबरोबर एकाच ब्लॉकमध्ये.

पर्वरीची_सोल्डरगन

मग तो कोड टाक. आणि वीज तोडून बघताना एसटी-लिंकची ३.३ व्होल्टची वायर बोर्डला वीज देत नाहीये ना ते आधी तपास, काही क्लोन तिथून सप्लाय देतात, मग बोर्ड खरा बंदच होत नाही.